डिजिटल कपाटाची लिंक मी अजून का दिली नाही

प्रति,
तालुक्यातील सार्वजनिक वाचनालयांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि वाचक-गटांचे ॲडमिन यांस,

सस्नेह नमस्कार.

गेल्या महिन्यात आपली सगळ्यांची एकत्र बैठक झाली. प्रत्येक वाचनालयाकडच्या पीडीएफ आणि ऑडिओ फाइली एका ड्राइव्हवर आणायच्या, त्याला ‘डिजिटल कपाट’ म्हणायचं आणि त्याची लिंक आपल्या अकराही वाचक-गटांवर टाकायची, असं तिथे ठरलं. फाइली गोळा करून लावायचं काम आपण माझ्यावर सोपवलंत. मी ते केलं. एकूण 142 फाइली आल्या. एकेक उघडून पाहिली आणि दाखल नोंदवहीत पुस्तक चढवतो तशी तिची नोंद केली. लिंक मात्र दिली नाही. त्यावरून फोन आले. एका ज्येष्ठ सदस्यांनी तर “तुम्हाला वाचक वाढायला नकोत का?” असं विचारलं. तो प्रश्न मला लागला, कारण तेवीस वर्षं मी देव-घेवीच्या टेबलामागे वाचक वाढावेत म्हणूनच बसले आहे. फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं असं आहे. त्या कपाटात आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत: स्वतःपाशी ठेवण्याच्या आणि दुसऱ्याला देण्याच्या. कायदा या दोन्हींकडे वेगळ्या नजरेने बघतो, आणि मला वाटतं त्याचं बरोबर आहे. दुसरं म्हणजे, जे मोकळेपणाने वाटायला लेखकांनी स्वतःहून लेखी परवानगी दिली आहे, त्याचा आपण जवळजवळ काहीच उपयोग करत नाही. जे वाटायला नको, ते मात्र रोज सकाळी फॉरवर्ड होतं.

आधी स्वतःपाशी ठेवण्याबद्दल. आपला कॉपीराइटचा कायदा 1957 चा. त्याचं कलम 52 म्हणजे काय केलं तर हक्कभंग होत नाही याची लांबलचक यादी आहे, आणि त्या यादीत पहिलीच सवलत वैयक्तिक वापराची आहे. खाजगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी, त्यात संशोधनही आलं, एखाद्या कृतीचा वाजवी वापर केला तर तो हक्कभंग नाही. 2012 च्या दुरुस्तीनंतर तिथे हेही स्पष्ट लिहिलं आहे की अशा कारणासाठी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवून ठेवणं हाही हक्कभंग नाही. म्हणजे वर्तमानपत्रातला लेख आवडला म्हणून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला, एखादं वेबपान पीडीएफ करून साठवलं, प्रबंधासाठी आपल्याच वाचनालयातल्या पुस्तकातलं एक प्रकरण स्कॅन करून घेतलं, तर घाबरण्याचं कारण नाही. आमच्याकडे एक विद्यार्थिनी दर शनिवारी येते आणि मासिकांमधल्या शेतीविषयक लेखांचे फोटो काढून नेते. तिला कोणी अडवू नये.

या सवलतीला कुंपण आहे ते ‘वाजवी’ या शब्दाचं. दहा टक्के पानं चालतात, अकरावा टक्का चालत नाही, असं आपल्यातले बरेच जण ठामपणे सांगतात. वैयक्तिक वापराच्या या सवलतीत असा कुठलाही आकडा नाही. किती घेतलं, कशासाठी घेतलं आणि त्यामुळे मूळ पुस्तकाची विक्री मारली जाते का, हे सगळं मिळून पाहिलं जातं. बाजारात दीडशे रुपयांना मिळणारं पुस्तक विकत घ्यायला नको म्हणून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्कॅन केलं, तर ते स्वतःपुरतं असलं तरी वाजवी म्हणता येणं अवघड आहे. संगणकाच्या प्रोग्रॅमना ही सवलत लागू नाही. त्यांच्यासाठी वेगळी कलमं आहेत.

आता देण्याबद्दल. फाइल मोबाइलमध्ये ठेवणारा माणूस आणि तीच फाइल गटावर टाकणारा माणूस एकच असू शकतो, दोन्हींमध्ये बोटाचा एकच स्पर्श असतो. तरीही दुसरं काम सुरू झालं की वैयक्तिक वापराची सवलत मागे राहते. कृती लोकांपर्यंत पोहोचवण्याचा हक्क कायद्याने लेखकाकडे ठेवला आहे, आणि ‘लोकांपर्यंत पोहोचवणं’ याची व्याख्या आपण समजतो त्यापेक्षा खूप रुंद आहे. कृती लोकांना पाहता, ऐकता येईल अशी उपलब्ध करून देणं एवढं त्यासाठी पुरतं. कोणी ती खरोखर उघडली की नाही, याने फरक पडत नाही. त्यामुळे “लिंक टाकली, पण कुणी डाउनलोड केलीच नाही” या म्हणण्याला अर्थ उरत नाही.

“पण आपला गट खाजगी आहे” असं बैठकीत दोघांनी सांगितलं होतं. याचं उत्तर शोधताना मला मुंबई उच्च न्यायालयाचा 1989 चा एक निकाल उपयोगी पडला. केबलवाला घराघरांत चित्रपट दाखवत होता. बघणारे आपापल्या घरात बसून बघतात, म्हणून हे प्रक्षेपण खाजगी, असा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. पैसे भरून जोडणी घेणारी ही वेगवेगळी कुटुंबं म्हणजे लोकच, असं ठरवलं. पुढे कायद्याच्या व्याख्येतही, एकाहून अधिक घरांना एकाच वेळी पोहोचवलं तर ते लोकांपर्यंत पोहोचवणंच समजावं, असा खुलासा आहे. आपल्या सर्वांत मोठ्या गटात सहाशेच्या वर सभासद आहेत. निम्म्यांची नावं ॲडमिनलाही माहीत नाहीत. हा गट म्हणजे घरातला दिवाणखाना आहे, असं मी तरी कुणाला सांगू शकणार नाही. बहिणीला एक लेख पाठवणं आणि या गटावर कादंबरी टाकणं यांच्यात नेमकी रेघ कुठे पडते यावर वकील वाद घालतील, पण आपलं कपाट त्या रेघेच्या आसपासही नाही.

गटांवर रोज पहाटे येणाऱ्या ई-पेपरच्या पीडीएफही याच खात्यातल्या. टाळेबंदीत ही सवय लागली आणि राहिली. मे 2020 मध्ये एका हिंदी वृत्तपत्राच्या मालकांनी टेलिग्रामवर चालणाऱ्या अशा वाहिन्यांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने त्या वाहिन्या बंद करायला आणि त्या चालवणाऱ्यांची माहिती उघड करायला टेलिग्रामला सांगितलं. गटाला टोपणनाव दिलं की आपण दिसेनासे होतो, हा समज तिथेच संपला. शिक्षेची भीती घालायला मी लिहीत नाही, पण ॲडमिनना माहीत असावं म्हणून सांगते: जाणूनबुजून केलेला हक्कभंग फौजदारी गुन्हा आहे आणि त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. व्यापारी हेतू नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून यापेक्षा कमी शिक्षा देऊ शकतं. पैसे घेतले नाहीत म्हणून गुन्हाच होत नाही, असं मात्र नाही.

दिवाळी अंकांची गोष्ट थोडी निराळी, आणि ती संपादकांनाही नीट ठाऊक नसते. कपाटात दोन अंकांच्या पूर्ण पीडीएफ आहेत. संपादकांनी तोंडी “खुशाल वाटा” म्हटलं, असं आपल्या एका कार्यवाहांनी कळवलं. पण अंकात कथा पाठवणारा लेखक हा काही संपादकाच्या पगारावरचा नोकर नसतो. वेगळा लेखी करार झाला नसेल तर कथेचा हक्क लेखकाकडेच राहतो. अंकाला मिळतो तो छापायचा होकार. तेव्हा ती कथा सहाशे मोबाइलमध्ये पाठवायची परवानगी संपादकांच्या हातातच नाही. ती लेखकाकडून घ्यावी लागेल, आणि मुखपृष्ठाची चित्रकाराकडून.

आपल्याला सार्वजनिक वाचनालय म्हणून काही जास्तीच्या सवलती आहेत, हे मात्र विसरू नये. आपल्याकडे छापील प्रत असेल तर जतन करण्यासाठी तिची इलेक्ट्रॉनिक प्रत करून ठेवायला ना-नफा सार्वजनिक वाचनालयाला मुभा आहे. भारतात विक्रीला उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती वाचनालयाच्या वापरासाठी काढता येतात. म्हणून एका वाचनालयाने हात लावला की तुकडे पडतात अशा जुन्या खंडांचं जे स्कॅनिंग करून घेतलं, ते मला फार मोलाचं वाटतं आणि त्याचा खर्च योग्यच झाला. त्या फाइली जपायच्या, दोन ठिकाणी ठेवायच्या. फक्त जतनासाठी दिलेली मुभा म्हणजे गटावर टाकण्याची मुभा असा अर्थ तिच्यातून निघत नाही.

सगळ्यांत मोठी सवलत अंध आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या वाचकांसाठी आहे, आणि तिच्याबद्दल आपल्या एकाही बैठकीत चर्चा झालेली मला आठवत नाही. 2012 च्या दुरुस्तीने कुणालाही, संस्थेलाही आणि व्यक्तीलाही, अशा वाचकांसाठी कोणत्याही पुस्तकाची त्यांना वापरता येईल अशी प्रत करता येते: ब्रेल, मोठा टाइप, ध्वनिमुद्रण, स्क्रीन रीडरला वाचता येणारी फाइल. लेखकाची परवानगी लागत नाही. नफा घ्यायचा नाही, फार तर प्रत तयार करण्याचा खर्च घ्यायचा. याच विषयावरचा माराकेश करार मान्य करणारा जगातला पहिला देश भारत होता, 2014 मध्ये. आपल्या दोन सभासदांनी गेल्या वर्षी सतरा पुस्तकं स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली. गावातल्या एका दृष्टिहीन शिक्षकांसाठी त्यांनी हे केलं आणि ते शंभर टक्के कायदेशीर आहे. पण अशा प्रती अपंग वाचकांपुरत्याच राहतील आणि नेहमीच्या बाजारात शिरणार नाहीत, याची काळजी घेण्याची अट त्याच तरतुदीत आहे. त्या सतरा फाइली उद्या अकरा गटांवर गेल्या तर ती अट मोडेल, आणि ज्यांच्यासाठी सवलत आहे त्यांचंच नुकसान होईल. म्हणून त्या मी कपाटातून काढून वेगळ्या ठेवल्या आहेत. ज्या वाचकांना त्यांची गरज आहे त्यांची नावं मला कळवा. फाइल मी स्वतः पोहोचवीन.

आता मोकळ्या पुस्तकांकडे येते. आपल्या देशात लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून साठ वर्षं मोजायची. साने गुरुजी 1950 मध्ये गेले. 1951 च्या सुरुवातीपासून साठ वर्षं मोजली की 2010 चा डिसेंबर येतो. म्हणजे 1 जानेवारी 2011 पासून त्यांनी लिहिलेलं, त्यांच्या हयातीत छापलेलं सगळं वाङ्मय कोणीही छापावं, वाटावं, विकावं, वाचून रेकॉर्ड करावं. हरिभाऊ आपटे, बालकवी, केशवसुत तर कधीचेच मोकळे झाले आहेत.

पण पुस्तक मोकळं आहे की नाही हे एका तारखेवरून ठरतंच असं नाही. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. बहिणाबाई चौधरी गेल्या 3 डिसेंबर 1951 ला. त्यांच्या कवितांचं पुस्तक आलं 1952 मध्ये, म्हणजे त्या गेल्यानंतर. लेखकाच्या पश्चात पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या कृतीसाठी साठ वर्षं निधनापासून नव्हे, प्रसिद्धीपासून मोजतात. त्यामुळे त्या कविता 2012 ला नाही, 1 जानेवारी 2013 ला मोकळ्या झाल्या. आज या एका वर्षाने काही बिघडत नाही. पण त्या पुस्तकाला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे. अत्रे गेले 1969 मध्ये. ती प्रस्तावना 2029 च्या शेवटच्या दिवसापर्यंत संरक्षित आहे. आपल्या कपाटात जो स्कॅन आहे तो प्रस्तावनेसकट आहे. एकाच फाइलमध्ये मोकळं आणि बंद अशी दोन्ही पानं शेजारी शेजारी आहेत. मी प्रस्तावनेची पानं काढून फक्त कवितांची वेगळी फाइल केली आणि ती वाटायच्या यादीत घातली. नंतरच्या आवृत्त्यांमधले शब्दार्थ, चित्रं, कोणी गायलेल्या ध्वनिमुद्रिका, यांचे हक्क पुन्हा ज्याचे त्याचे स्वतंत्र. जुन्या पुस्तकाचं अलीकडचं भाषांतर असेल तर तिथेही हेच: मूळ मोकळं असलं तरी भाषांतर भाषांतरकाराचं.

आणि ज्या लेखकांचे हक्क अजून चालू आहेत, पण ज्यांनी स्वतःच दार उघडून ठेवलं आहे, त्यांचं काय? इथे येतात मुक्त परवाने. सर्वांत प्रचलित आहेत ते क्रिएटिव्ह कॉमन्सचे. पहिले परवाने 2002 च्या अखेरीस आले आणि सध्याची चौथी आवृत्ती 2013 मधली. मुक्त परवाना म्हणजे लेखकाने हक्क सोडून दिले, असा समज आहे. तसं नाही. हक्क लेखकाचेच राहतात. तो फक्त आधीच, सगळ्या जगाला, लेखी सांगून ठेवतो की या अटींवर वापरा, मला विचारायला येऊ नका. एकदा दिलेला हा परवाना, अटी पाळणाऱ्याकडून परत घेता येत नाही.

पडद्यावर दिसतात त्या चार अक्षरजोड्या ओळखता आल्या की बरंचसं काम होतं. BY म्हणजे नाव द्या; ही अट सहाही परवान्यांत आहे. SA म्हणजे बदल करून प्रसिद्ध केलंत तर तुमची नवी कृतीही याच परवान्याखाली ठेवा. NC म्हणजे व्यापारी फायद्यासाठी वापरू नका. ND म्हणजे बदललेलं रूप कुणाला देऊ नका. या शेवटच्या दोन अक्षरांकडे आपल्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. ND असलेली पुस्तिका जशीच्या तशी छापून वाटता येते, पण तिचं भाषांतर वाटता येत नाही. स्वतःच्या वहीत भाषांतर करून ठेवलं तर चौथ्या आवृत्तीची हरकत नाही. इथेही तीच रेघ: ठेवणं वेगळं, देणं वेगळं.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते, कारण ते आम्ही प्रत्यक्ष केलं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मुलांच्या चित्रकथा आहेत, मराठीतही भरपूर, आणि त्या CC BY 4.0 या परवान्याखाली आहेत. यात NC नाही, ND नाही, SA सुद्धा नाही. आमच्या बालविभागातल्या एका ताईंनी त्यातली एक कथा लेवा गणबोलीत आणली. मुलं आजीच्या तोंडून ऐकतात ती भाषा छापील पानावर पाहून हरखली. आम्हाला तिच्या तीनशे प्रती छापून वीस रुपयांना विकायच्या होत्या, छपाईचा खर्च भागून चार पैसे बालविभागाला उरावेत म्हणून. समितीत प्रश्न आला, की विकता येईल का? येईल. त्यासाठी कुणाला पत्र लिहावं लागेल का? नाही. करायचं होतं ते एवढंच की श्रेय नीट द्यायचं आणि काय बदललं ते सांगायचं. इथे एक गोष्ट आमच्या नजरेतून सुटणार होती. आम्ही घेतलेली मराठी कथा स्वतःच इंग्रजीवरून भाषांतरित होती. म्हणजे श्रेय मूळ लेखकाला, चित्रकाराला आणि मराठी भाषांतरकाराला, तिघांनाही द्यायला हवं. ही नावं कथेच्या शेवटच्या पानांवर असतात आणि छापताना पानं वाचवायला नेमकी तीच गाळली जातात. आम्ही मलपृष्ठावर छापलं ते असं:

```
मूळ इंग्रजी कथा: (नाव), लेखन: (नाव), चित्रे: (नाव)
मराठी भाषांतर: (नाव)
प्रकाशक: प्रथम बुक्स, स्टोरीवीव्हर (कथेची लिंक)
परवाना: CC BY 4.0
https://creativecommons.org/licenses/by/4.0/
बदल: मराठीवरून लेवा गणबोलीत भाषांतर, पानांची नवी मांडणी
भाषांतर: (नाव), (वाचनालयाचे नाव)
```

हीच कथा NC असती तर विकण्याआधी मी परवानगी मागितली असती. जाहिराती असलेली स्मरणिका व्यापारी की नाही, यावर आपल्यात मतभेद होतील. मला स्वतःला शंका असली की मी मालकाला विचारते, त्याला दोन ओळींचा ईमेल पुरतो. कथा विकिपीडियासारखी BY-SA असती तर विकता आली असती, पण आमच्या ताईंचं भाषांतरही BY-SA खालीच द्यावं लागलं असतं आणि त्यावर ‘सर्व हक्क राखीव’ छापता आलं नसतं.

या बाबतीत माझ्या हातून चूक झालेली आहे, आणि ती इथे सांगायलाच हवी. चार वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी मी विकिमीडिया कॉमन्सवरून जिल्ह्यातल्या एका जुन्या मंदिराचा फोटो घेतला आणि खाली ‘साभार: इंटरनेट’ असं छापलं. स्मरणिकेची पीडीएफही आम्ही संकेतस्थळावर ठेवली. काही महिन्यांनी छायाचित्रकारांचं पत्र आलं, अगदी सौम्य. फोटो BY-SA 4.0 होता; कोणीही वापरावा म्हणूनच त्यांनी तो दिला होता आणि बदल्यात फक्त नाव मागितलं होतं. तेवढंही मी दिलं नव्हतं. श्रेय नाही म्हणजे अट मोडली, आणि अट मोडली की परवाना आपोआप संपतो. इंटरनेट हा काही छायाचित्रकार नव्हे, हे मला त्या दिवशी शरमेने कळलं. चौथ्या आवृत्तीत एक दिलासा आहे: चूक लक्षात आल्यापासून तीस दिवसांत दुरुस्त केली तर परवाना पुन्हा लागू होतो. मी पीडीएफमध्ये फोटोचं शीर्षक, त्यांचं नाव, मूळ पानाची लिंक आणि परवाना या चार गोष्टी घातल्या, उरलेल्या छापील प्रतींत चिठ्ठी चिकटवली आणि त्यांची क्षमा मागितली. त्या वेळी आमचे अध्यक्ष घाबरले होते, की BY-SA फोटो घेतल्यामुळे सगळी स्मरणिकाच मुक्त करावी लागेल. तसं नसतं. फोटो आहे तसा मजकुराशेजारी ठेवला तर तो त्याच्या परवान्याखाली राहतो, बाकीचे लेख त्यांच्या लेखकांचे राहतात.

गटांवर “नाव माहीत नाही, पण सुंदर लिहिलंय” म्हणून फिरणाऱ्या मजकुराबद्दल मला जे वाटतं, ते या प्रसंगापासून अधिकच वाटतं. नाव बहुतेक वेळा माहीत असतं; कुठेतरी वाटेत कोणीतरी ते कापलेलं असतं, किंवा त्याजागी पुलंचं चिकटवलेलं असतं. कृतीवर आपलं नाव असण्याचा हक्क लेखकाला कायद्यानेच दिला आहे, आणि कॉपीराइट विकून टाकला तरी तो त्याच्यापाशी राहतो.

कपाटातल्या नऊ फाइलींबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण त्यांनी मलाही आधी फसवलं. त्यांच्या मूळ पानांवर ‘पब्लिक डोमेन’ किंवा क्रिएटिव्ह कॉमन्सचं चिन्ह होतं. पण त्यातली तीन पुस्तकं 2000 नंतरची आहेत आणि दोघा लेखकांची नवी पुस्तकं अजून येत आहेत. फाइली चढवता येणाऱ्या बऱ्याच संकेतस्थळांवर परवान्याचा रकाना चढवणाराच भरतो. त्याचा त्या पुस्तकाशी काही संबंध आहे का, हे सहसा कोणी तपासत नाही. परवाना द्यायला आधी हक्क हातात असावा लागतो. ज्याचं घरच नाही त्याने दिलेली भाडेचिठ्ठी जशी, तसं ते चिन्ह. मी आता प्रत्येक फाइलला तीन गोष्टी विचारते: लेखक कधी गेले, पुस्तक पहिल्यांदा कधी आलं, आणि फाइल चढवणारा कोण? तिसऱ्याचं उत्तर टोपणनाव असेल आणि पहिल्या दोन्हींचा हिशेब जुळत नसेल, तर चिन्हावर विश्वास ठेवत नाही.

‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांतही गल्लत होते. काही मराठी ई-पुस्तकांच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं की वाचा, मित्रांना पाठवा, पण संकेतस्थळावर ठेवायचं किंवा वाचनाखेरीज आणखी काही करायचं तर विचारा. अशी अकरा पुस्तकं आपल्याकडे आहेत. ती एकमेकांना पाठवता येतील, सार्वजनिक ड्राइव्हवर मात्र विचारूनच. आणि जिथे काहीच लिहिलेलं नाही, नुसतं डाउनलोडचं बटण आहे, तिथे परवानगी आहे ती वाचण्याची. मौन म्हणजे मुक्त परवाना नव्हे.

आता माझा प्रस्ताव. 142 पैकी 61 फाइली आजच वाटता येतील: 37 प्रताधिकारमुक्त आणि 24 मुक्त परवान्याच्या. त्यांचं वेगळं कपाट मी लावून ठेवलं आहे आणि प्रत्येक फाइलच्या नावापुढे लेखकाचं निधनवर्ष किंवा परवाना लिहिला आहे. त्याची लिंक या पत्रासोबत सगळ्या ॲडमिनना पाठवत आहे. ती बिनधास्त टाका. जतनासाठी केलेले स्कॅन ज्या त्या वाचनालयाकडे परत जातील. उरलेल्यांपैकी ज्या लेखकांचे किंवा वारसांचे पत्ते सापडतील त्यांना मी पत्र लिहायला तयार आहे. दोघांना लिहिलं, त्यातल्या एका बाईंनी वडिलांचं गावाच्या इतिहासावरचं पुस्तक वाटायला आनंदाने होकार कळवला. परवानगी लेखी हवी, म्हणून त्यांच्याकडून दोन ओळींचं पत्र घेऊन फाइलीला लावलं आहे.

शेवटची विनंती आपल्या स्वतःच्या स्मरणिकांबद्दल. पाच वाचनालयांच्या मिळून तिसाच्या वर स्मरणिका आहेत. त्यांत तालुक्याचा जो इतिहास, ज्या आठवणी, बोलीतल्या ज्या म्हणी आहेत, त्या दुसरीकडे कुठेही छापलेल्या नाहीत. त्या मुक्त परवान्याखाली द्याव्यात असं मला मनापासून वाटतं. पण ते आपल्या समितीच्या ठरावाने होणार नाही, कारण लेख आपले नाहीत, लिहिणाऱ्यांचे आहेत. प्रत्येकाकडे जाऊन, BY-SA म्हणजे काय, दिलेला परवाना मागे घेता येत नाही म्हणजे काय, उद्या कोणी तो लेख पुस्तकात छापून विकू शकतो म्हणजे काय, हे समजावून सांगून सही घ्यावी लागेल. संमतीपत्राचा एक पानी मसुदा मी केला आहे. पुढच्या बैठकीला प्रत्येक वाचनालयाने आपल्या स्मरणिकांच्या लेखकांची यादी आणावी. ज्यांचं वय जास्त आहे त्यांच्याकडे आपण आधी जाऊ.

आपली,
तालुक्यातल्या एका वाचनालयाची ग्रंथपाल